पाच दिवसांची उचकी आणि औषधांचा डबा

डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही सुदामा नगरला राहतो. ह्यांचं वय ६१, शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत. भाच्याच्या लग्नात तीन-चार दिवस बाहेरचं खाणं झालं, एका रात्री सगळे मिळून सराफ्यातही खायला गेले. तेव्हापासून घशात खवखव आणि सारखी ढास. गल्लीतल्या मेडिकलमधून पुडी आणली, दोन-तीन दिवस घेतली. आता पाच दिवस झाले, उचकी थांबत नाहीये. बोलता बोलता घशात काहीतरी वळवळल्यासारखं होतं आणि उचकी सुरू. गाढ झोप लागली की थांबते, पहाटे परत. सासूबाई मोरपिसाची राख मधातून देतायत. हे म्हणतात, उचकीसाठी कोणी डॉक्टरकडे जातं का? ताई, जावं का? आणि गेलो तर काय काय तपासतील?
— एक वाचक, इंदूर

हो, जायचं. रविवार-सोमवार न बघता उद्या सकाळीच जायचं. उचकी दोन दिवसांच्या आत आपोआप थांबली तर तिच्यामागे लागायचं कारण नसतं. ४८ तास उलटले की आम्ही तिचं कारण शोधायला लागतो, आणि महिना उलटला तर तो शोध बराच खोलवर न्यावा लागतो. तुमच्याकडे ४८ तासांची मर्यादा कधीच मागे पडली आहे, त्यात साठीच्या पुढचं वय आणि मधुमेह. पत्रावरून मला जे कारण दिसतंय ते साधं आणि हातात येण्यासारखं आहे. तरी पत्र वाचून काढलेल्या अंदाजावर मी तुम्हाला आणखी आठवडाभर घरी बसवणार नाही.

आधी एक गोष्ट, म्हणजे आज रात्री वेळ आली तर गोंधळ होणार नाही. उचकीबरोबर छातीत दडपण, दरदरून घाम, धाप किंवा अचानक गळून गेल्यासारखं वाटलं तर सकाळची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत जा आणि ईसीजी काढून घ्या. हृदयाचा खालचा भाग श्वासपटलाला टेकलेला असतो, त्यामुळे त्या भागाला झटका आला तर उचकी लागू शकते. आणि मधुमेही माणसाला झटका छातीत फारसं न दुखताही येतो. तसंच अचानक चक्कर, चालताना एका बाजूला झोक जाणं, एकाची दोन दिसणं, पाणी पिताना ठसका लागणं, आवाज घोगरा होणं, चेहऱ्याची एक बाजू बधिर होणं, यातलं काहीही उचकीच्या जोडीला आलं तर तो मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात असू शकतो. त्यात हात-पाय लुळे पडत नाहीत, म्हणून घरचे ‘पित्त झालं असेल’ म्हणत बसतात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेव्हा एम.वाय. असो की जवळचं कुठलंही मोठं रुग्णालय, जिथे रात्री स्कॅन होतो तिथे न्या. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, ताप आणि पोटात किंवा बरगडीखाली दुखणं, लघवी एकदम कमी होणं, हेही त्याच दिवशी दाखवायचं. यातलं काही तुमच्या पत्रात नाही, म्हणून मी उद्या सकाळ म्हणते आहे.

आता घशाच्या वळवळीकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे.

छाती आणि पोट यांच्या मध्ये श्वासपटल नावाचा पडद्यासारखा स्नायू असतो. तो झटक्याने आकसतो, हवा आत ओढली जाते, आणि सेकंदाच्या जेमतेम तिसाव्या भागात स्वरयंत्राचं दार फटकन मिटतं. तो आवाज म्हणजे उचकी. हा झटका देण्याचा हुकूम मेंदूच्या देठातून सुटतो, पण तो सोडायला भाग पाडणाऱ्या नसा शरीरभर पसरलेल्या आहेत. एकाच घंटेला घरात सहा ठिकाणी बटणं बसवावीत तसं हे आहे. व्हेगस नावाची नस एकटीच घशाला, स्वरयंत्राला, अन्ननलिकेला, जठराला आणि कानाच्या नळीलाही फांद्या देते. फ्रेनिक नावाची दुसरी नस मानेतून निघून छातीतून, हृदयाच्या आवरणाला लागून श्वासपटलापर्यंत उतरते. या वाटेवर कुठेही काहीतरी टोचत, जळत किंवा दाबत राहिलं तर उचकी वाजत राहते. घशात वळवळ झाली की लगेच उचकी, हा जो क्रम तुमच्या नजरेस आला तो डॉक्टरांना अगदी असाच सांगा. बटण वरच्या भागात कुठेतरी आहे, हा त्याचा अर्थ.

गाढ झोपेत उचकी थांबते म्हणून मनाचं काही असेल, असा निष्कर्ष मात्र काढू नका. झोपेतही चालू राहणारी उचकी शारीरिक कारणाकडे बोट दाखवते हे बरोबर, पण झोपेत थांबणाऱ्या उचकीमागे शारीरिक कारण नसतंच असं नाही.

माझी पहिली शंका त्या पुडीवर आहे. लग्नातल्या तेलकट-तिखट जेवणाने उचकी लागायची असती तर ती त्याच रात्री लागली असती. तुमच्याकडे आधी घसा धरला, मग पुडी आली, आणि मग उचकी. आपल्याकडे घशाची, अंगदुखीची, सर्दीची पुडी बांधताना तीन-चार सुट्या गोळ्या एकत्र करतात आणि त्यात बरेचदा बारीकशी पांढरी स्टेरॉइडची गोळी असते: डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन. दुसऱ्या दिवशी घसा मोकळा वाटतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण स्टेरॉइडने, त्यातही डेक्सामेथासोनने, उचकी लागते हे आम्हा डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे, आणि बायकांपेक्षा पुरुषांत ती बरीच जास्त दिसते. गोळी सुरू केल्यापासून काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ती सुरू होते आणि गोळी बंद केल्यावर साधारण तेवढ्याच वेळात ओसरते.

माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाची हकिगत सांगते, त्याचं तुमच्याशी बरंच जुळतं. शीतलामाता बाजारातले एक कापड व्यापारी, पन्नाशी ओलांडलेले, चौथ्या दिवशीही उचकी देत आत आले. दुकानात बोलून बोलून घसा बसला होता, म्हणून पुडी घेतली होती. मी म्हटलं, पुडी दाखवा. खिशातून कागद काढला तर त्यात चार गोळ्या: एक पिवळी, एक लांबट, आणि दोन मुगाच्या डाळीपेक्षा जराशा मोठ्या पांढऱ्या. नाव कशावरच नाही. त्यांच्या मुलाला परत दुकानात पाठवलं आणि ‘नुसतं पाकीट बघायचंय, भांडायचं नाही’ असं सांगून मूळ पाकिटाचा फोटो मागवला. अर्ध्या मिलिग्रॅमची डेक्सामेथासोन, एका वेळेला दोन, दिवसातून तीनदा. म्हणजे दिवसाला तीन मिलिग्रॅम. त्यांना मधुमेह नव्हता असं ते सांगत होते. बोटातून रक्त काढलं तर साखर २९०. पुडी बंद केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उचकी तुरळक झाली, तिसऱ्या दिवशी गेली. घशाची खवखव मात्र गेली नाही, कारण मुळात ती कशामुळे होती हे कोणी बघितलंच नव्हतं. ती आम्लामुळे होती आणि तिला पुढे दीड महिना लागला. सांगायचं इतकंच, की उचकीचं कारण आणि खवखवीचं कारण दोन वेगळी असू शकतात, आणि एक मिळालं म्हणून दुसरं शोधायचं थांबू नये.

तेव्हा आजच पुडी उरली असेल तर बाजूला काढा, उरली नसेल तर मेडिकलवाल्याकडून गोळ्यांची नावं लिहून आणा. दोन-तीन दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तरी चालतं. कोणी दमा, संधिवात किंवा त्वचेसाठी ते तीन आठवड्यांहून जास्त घेत असेल तर एकदम बंद करणं धोक्याचं आहे, तिथे डॉक्टरच हळूहळू कमी करतात. आणि यजमानांची साखर आज रात्रीच घरच्या मशिनवर बघा. स्टेरॉइडने ती वर गेली असण्याची शक्यता आहे, त्यात राखेबरोबरचा मध.

पुडीच्या पुढे जाऊन सगळा औषधांचा डबाच उद्या बरोबर न्या. बीपीच्या गोळ्यांचं नाव तुम्ही लिहिलं नाही, आणि इथे नावाला महत्त्व आहे. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गटाच्या गोळ्यांनी घशात गुदगुल्या होऊन कोरडी ढास लागते. हा त्यांचा ठरलेला गुण आहे, आणि गोळी सुरू करून कित्येक महिने झाल्यावरही तो उमटू शकतो, त्यामुळे ‘ही तर जुनी गोळी आहे’ म्हणून ती सुटून जाते. असं असेल तर डॉक्टर दुसऱ्या गटाची गोळी देतात. ढास जायला मात्र एक ते चार आठवडे, क्वचित त्याहूनही जास्त लागतात. दुसरी बघायची ती बीपीच्या गोळीत मिसळलेली लघवीची गोळी: हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. पाकिटावर मुख्य गोळीच्या नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ असं काहीतरी असतं. या गोळ्यांनी साठीच्या पुढच्या माणसांचं रक्तातलं सोडियम खाली येतं, आणि सोडियम कमी होणं हे उचकीचं एक कारण आहे. स्वतःहून यातली एकही गोळी बंद करू नका. बीपी एकदम वर गेलं तर उचकीपेक्षा मोठं संकट उभं राहील. झोपेच्या गोळ्यांनीही काही जणांना उचकी लागते, लग्नाच्या दगदगीत कोणी अशी एखादी देऊ केली असेल तर तेही सांगा.

आता आम्लाबद्दल. बरेच दिवस चालणाऱ्या उचकीची जी कारणं आम्हाला सापडतात त्यात जठरातलं आम्ल वर चढणं हे फार वरच्या क्रमांकाचं आहे. आपल्या इंदूरची खाण्याची वेळच अशी आहे की त्याला आयतं आमंत्रण मिळतं. सराफा रंगतोच मुळी रात्री दहानंतर: गराडू, भुट्ट्याचा कीस, दहीवडा, वर शिकंजी, आणि घरी येऊन बाराच्या पुढे आडवं होणं. भरलेलं जठर, वर तूप-तेल, आणि लगेच आडवं झालेलं शरीर. आम्ल अन्ननलिकेतून थेट घशाच्या मागच्या भागापर्यंत येतं. मजा अशी की यात छातीत जळजळ झालीच पाहिजे असं नाही. अनेकांना फक्त घशात खवखव, सकाळी उठल्यावर खाकरणं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं आणि जेवल्यावर किंवा आडवं झाल्यावर ढास, इतकंच होतं. पहाटे उचकी परत सुरू होते असं तुम्ही लिहिलंय, ते याच्याशी जुळतं.

शिवाय इथे दोन्हीकडून आग लागते. आम्लाने घसा आणि अन्ननलिका चिडली की उचकी येते, आणि प्रत्येक उचकीत छातीत पोकळी निर्माण होऊन जठरातलं आम्ल आणखी वर ओढलं जातं. म्हणून पुडी बंद केल्यावर उचकी कमी झाली तरी आम्लाची बाजू सांभाळावीच लागेल. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी संपवायचं, आणि पोट तट्ट न भरता थोडं कमी खायचं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू पाच-सहा इंच उचलायची. नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोट दुमडतं आणि उलट दाब वाढतो. डॉक्टरांनी पँटोप्रॅझोलसारखी गोळी दिली तर ती सकाळच्या नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. पोहे-जिलबी खाऊन झाल्यावर आठवलं म्हणून घेतली तर तिचं निम्मं काम वाया जातं. उचकीला चार-आठ दिवसांत फरक पडतो, घशाच्या खवखवीला सहा ते आठ आठवडेही लागू शकतात. आठवड्याभरात घसा बरा नाही म्हणून गोळी सोडून परत पुडीकडे वळणारे खूप बघते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

गॅस झाला म्हणून आपल्याकडे लगेच पाण्यात फसफसणारं चूर्ण घालून देतात. ते आणि बाटलीतली सोड्याची पेयं सध्या पूर्ण बंद ठेवा. त्यातल्या वायूने जठर फुगतं, आणि फुगलेलं जठर हे उचकीचं सगळ्यात नेहमीचं बटण आहे. फसफसणाऱ्या चुर्णात सोडियमही भरपूर असतं, बीपीच्या माणसाला ते तसंही चांगलं नाही. गरम चहावर लगेच थंडगार पाणी, भरभर जेवणं, दारू, आणि पोह्यांवर-शेवेवर सढळ हाताने जीरावन, हे सगळं आठ-दहा दिवस बाजूला ठेवा. यजमान सुपारी, तंबाखू किंवा गुटखा खात असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. तुमच्यासमोर ते कबूल करत नसतील तर दोन मिनिटं त्यांना एकट्याने डॉक्टरांशी बोलू द्या.

उद्याच्या तपासणीत एक जागा अशी आहे की ती सहज राहून जाते, ती म्हणजे कान. कानाच्या नळीच्या कातडीत व्हेगसची एक बारीक फांदी असते. पडद्याला टेकलेला एक केस, वाळलेला मळ, कापूसकाडीचा तुटलेला बोळा किंवा बारीक किडा तिथे हुळहुळत राहिला तर काहींना घशात गुदगुल्या होऊन खोकला येतो आणि काहींना उचकी लागते. कान साफ करताना कित्येकांना ठसका लागतो, त्यामागेही हीच फांदी आहे. लग्नाच्या आधी केस कापले होते का, हे आठवून बघा. डॉक्टरांना दोन्ही कानांत बॅटरी लावून बघायला सांगा. केस निघाला तर चिमट्याने काढायला मिनिटभर लागतं. घरी पिन किंवा काडी घालू नका.

कानानंतर घसा, टॉन्सिल, मग मान: थायरॉइडची किंवा दुसरी कुठली गाठ लागते का. मग छाती ऐकतील, पोट चाचपतील, चालायला लावतील, बोट नाकाला लावायला सांगतील. रक्तात साखर, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, सीबीसी आणि लिव्हरच्या चाचण्या. एक ईसीजी आणि छातीचा एक एक्स-रे. बाहेर दिसायला फक्त उचकी असते आणि एक्स-रेत फुफ्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया किंवा साठलेलं पाणी निघतं, असं घडतं. पहिल्या फेरीत एवढंच पुरतं. सरळ एमआरआय करायला कोणी पाठवलं आणि वर सांगितलेली चक्कर-तोल-गिळण्याची लक्षणं काहीच नसतील, तर ‘आधी रक्त, ईसीजी आणि एक्स-रे करू का?’ असं विचारायला संकोच करू नका.

क्रिएटिनिनवर मी जोर देते त्याला दोन कारणं आहेत. मधुमेह आणि बीपी दोन्ही असलेल्या माणसाचं मूत्रपिंड आवाज न करता मंदावलेलं असू शकतं, आणि रक्तात युरिया साठला की उचकी लागते. दुसरं कारण औषधाचं आहे. उचकी थांबवायला आजकाल बॅक्लोफेन बरंच वापरतात, सुरुवातीला पाच मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. मूत्रपिंड ठीक असेल तर चांगलं काम करतं, थोडी झोप येते इतकंच. पण ते मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर तेवढ्याशा डोसनेही माणूस गुंगीत जातो, असंबद्ध बोलायला लागतो, बेशुद्धही पडू शकतो. म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय ही गोळी सुरू करू देऊ नका. क्लोरप्रोमाझिन हे उचकीवरचं जुनं औषध. त्याने वयस्कर माणसाचं बीपी उभं राहताना पडतं आणि रात्री बाथरूमला उठताना पडझड होते. मेटोक्लोप्रमाइड दिलं तर ते पाच दिवसांच्या पुढे ओढू नये, त्याने मान-जबडा वाकडा होणं, हात थरथरणं असे प्रकार होतात. यातलं काहीही मेडिकलमधून परस्पर आणायचं नाही. आणि ही औषधं उचकी दाबतात, कारण शोधत नाहीत.

पुडी बंद आहे, आम्लाची गोळी नीट चालू आहे, रिपोर्ट ठीक आहेत, आणि तरीही दोन आठवड्यांत उचकी गेली नाही तर दुर्बीण करायची, म्हणजे एंडोस्कोपी. घास अडकायला लागला, न ठरवता वजन उतरलं किंवा हिमोग्लोबिन कमी निघालं तर दोन आठवडे थांबायचं नाही, आधीच करायची. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये चिवट उचकी हे एक लक्षण असू शकतं, आणि तंबाखू खाणाऱ्यात आम्ही याबद्दल जास्त सावध असतो. तुम्हाला भीती घालायला लिहीत नाही. दहा मिनिटांची तपासणी आहे आणि शंका कायमची मिटते. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्रही बघून घ्या.

पत्र तुमच्या यजमानांबद्दल आहे, तरी हे वाचणाऱ्या तरुण मुलींच्या आयांसाठी दोन ओळी. विशी-तिशीतल्या मुलीला दिवसेंदिवस उचकी आणि उलट्या एकत्र चालू असतील, पोटाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या येत असतील, तर ‘ॲसिडिटी’ म्हणत महिना काढू नका, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. मेंदूच्या देठाला आणि डोळ्यांच्या नसांना सूज आणणारा एक आजार असाच सुरू होतो, आणि तो वेळेत ओळखला तर दृष्टी आणि चाल वाचवता येते.

आज रात्रीपुरतं काय करायचं ते सांगते. खोल श्वास घेऊन दहा-पंधरा सेकंद रोखून धरायचा, दोन-तीनदा. किंवा जमिनीवर बसून गुडघे छातीशी घट्ट ओढून मिनिटभर पुढे वाकून राहायचं. किंवा थंड पाणी न थांबता छोट्या छोट्या घोटांनी प्यायचं. श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि उचकीचा झटका मंदावतो. सतत गिळत राहिलं की घशातल्या नसेला दुसरं काम मिळतं. चमचाभर कोरडी साखर गिळण्याचा उपाय खरोखर उपयोगी पडतो, पण साखरेचा आकडा बघितल्याशिवाय तुमच्याकडे नको. हे सगळं पाच दिवसांच्या उचकीला तासभर आराम देईल, मुळापासून घालवणार नाही. डोळे दाबणं, मानेच्या नसा चोळणं, घशात बोट घालून उलटी काढणं, अचानक घाबरवणं, यातलं काहीही साठीच्या बीपी-शुगरच्या माणसाला करायचं नाही. मान चोळल्याने नाडी एकदम मंदावून चक्कर येऊ शकते.

सासूबाईंना दुखवू नका. मुलासाठी त्यांचा जीव तुटतोय आणि त्यांनी पाहिलेला, जाणलेला उपाय त्या करताहेत. त्यांना एवढंच सांगा, की डॉक्टरताईंनी शुगरमुळे मध बंद ठेवायला सांगितलंय. राख कुठून आणली, किती दिली, हे उद्या डॉक्टरांना आवर्जून सांगा; रिपोर्टमध्ये काही वेगळं निघालं तर ते माहीत असलेलं बरं.

आणि यजमानांना माझ्याकडून सांगा: उचकीसाठी माणसं डॉक्टरकडे येतात, आणि बहुतेकदा पाचव्या दिवशीच येतात. जाताना एका पिशवीत सगळ्या गोळ्यांची पाकिटं, उरलेली पुडी, घरच्या मशिनवरचे साखरेचे आकडे आणि एक चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीत लग्न कधी, सराफा कधी, खवखव कधी सुरू, पुडी कोणत्या दिवशी किती वाजता पहिल्यांदा घेतली आणि शेवटची कधी, पहिली उचकी कधी, हे तारीख-वार लिहा. उद्यापासून रोज सकाळी, दुपारी, रात्री पाच मिनिटं घड्याळ लावून उचक्या मोजून त्याच चिठ्ठीवर मांडत जा. पुडी बंद केल्यापासून दोन-तीन दिवसांत हा आकडा उतरत गेला तर उचकीचं कारण सापडलं असं समजा. उतरला नाही तर ती चिठ्ठी घेऊन तिसऱ्या दिवशी परत दवाखान्यात जा.